बेटांच्या असाइनमेंटमधला z: माझी चूक कशी पकडली गेली

सोलापुरात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी जीवभूगोलाची असाइनमेंट मिळाली. वेस्ट इंडीजमधल्या सात बेटांची क्षेत्रफळं आणि तिथल्या उभयचर-सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रजातींची संख्या दिली होती. S = cA^z हे सूत्र त्यावर बसवायचं आणि z चा अर्थ लावायचा. S म्हणजे प्रजातींची संख्या, A म्हणजे क्षेत्रफळ, c आणि z हे आकड्यांवरून काढायचे स्थिरांक. एका संध्याकाळचं काम, असं वाटलं होतं.

पहिला आलेख साधाच काढला. क्युबा आणि हिस्पॅनिओला उजवीकडे लांब, माँटसेराट, साबा, रेडोंडा ही तिन्ही डाव्या कोपऱ्यात एकावर एक. एक चौरस मैलापासून ४४ हजारांपर्यंतची बेटं एका पट्टीवर मावणार कशी? म्हणून दोन्ही बाजूंचा लॉग घ्यायचा. मग सूत्राची सरळ रेषा होते आणि तिचा चढ म्हणजेच z. R मध्ये ते असं:

```
area <- c(44218, 29371, 4244, 3435, 32, 5, 1)
sp   <- c(100, 108, 45, 53, 16, 11, 7)
m <- lm(log(sp) ~ log(area))
coef(m)
exp(coef(m)[1])
confint(m)
```

क्रम क्युबा, हिस्पॅनिओला, जमैका, पोर्टो रिको, माँटसेराट, साबा, रेडोंडा असा आहे. क्षेत्रफळ चौरस मैलांत. उत्तर येतं z = ०.२५ आणि c = ६.९.

माझं मात्र z = ०.२८ आलं होतं. बेटांसाठी साधारण ०.२ ते ०.३५ सापडतो असं वाचलेलं, त्यामुळे मी खूश. सरांनी वही उघडली आणि z कडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "हा c ५.१ कशाचा?"

"सर, स्थिरांक आहे."

"A जागी १ घाल. मग S म्हणजेच c. एक एकक क्षेत्रफळावर पाच प्रजाती. एक चौरस मैल की एक चौरस किलोमीटर?"

मला सांगता येईना. तीन छोट्या बेटांची क्षेत्रफळं मी 'नीट' व्हावीत म्हणून किलोमीटरमध्ये करून घेतली होती आणि मोठी चार तशीच मैलांत राहिली होती. मागच्या बाकावरून मित्र पुटपुटला, "काय बे, अर्धी बेटं लंडनची, अर्धी सोलापूरची!" सगळीच किलोमीटरमध्ये केली असती तर z ०.२५ च राहिला असता, फक्त c ५.५ झाला असता. एकक बदललं की c बदलतो, z नाही. पण एककांची सरमिसळ z लाच वाकवते, आणि वाकलेला z दिसायला अगदी सभ्य असतो. दिलेल्या आकड्यांत रेडोंडा एक चौरस मैल आणि तिथे सात प्रजाती, म्हणजे c सातच्या आसपास यायला हवा, हे मी आधी पडताळलं असतं तर अब्रू वाचली असती.

आता अर्थ. ०.२५ म्हणजे क्षेत्रफळ दहापट झालं की प्रजाती १.७८ पट. 'दहापट क्षेत्र, दुप्पट प्रजाती' हे आपण घोकतो ते प्राणिभूगोलाचे अभ्यासक डार्लिंग्टन यांचं १९५७ चं वाक्य, आणि ते खरं व्हायला z ०.३० लागतो. माझ्या सात बेटांवर ९५ टक्के विश्वास-अंतर ०.२२ ते ०.२८ आहे, म्हणून मी ते वाक्य लिहिलं नाही.

मला सगळ्यात आवडलेला भाग विचारलेलाच नव्हता. चार मोठी बेटं वेगळी बसवली तर z ०.३२ येतो, तीन छोटी वेगळी बसवली तर ०.२४. इतक्या कमी बिंदूंवर पैज लावू नये, हे कबूल. पण कारण सुचतं. छोट्या बेटावर प्रजाती बाहेरून येतात आणि टिकतात किंवा संपतात. मोठ्या बेटावर त्या तिथेच नव्याने घडतात. कॅरिबियनमधल्या ॲनोलिस सरड्यांवर लोसोस आणि श्लुटर यांनी २००० साली हेच दाखवलं: साधारण ३००० चौरस किलोमीटरपेक्षा मोठ्या बेटांवरच अशी नवी प्रजाती-निर्मिती दिसते. आपली चारही मोठी बेटं त्या रेषेच्या बरीच वर आहेत. बाकी हिस्पॅनिओला क्युबापेक्षा लहान असून तिथे प्रजाती जास्त का, याला सूत्रात उत्तर नाही. तिथले डोंगर ३००० मीटरच्या वर जातात, क्युबाचे २००० च्या आत राहतात. कारण तिथे शोधावं.

शेवटी मी उत्साहात एक परिच्छेद जोडला होता: सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानाचे तुकडे म्हणजे बेटंच, त्यांनाही हाच ०.२५ लावू. सरांनी त्यावर लाल रेघ मारून समासात लिहिलं, "ज्वारीचं रान म्हणजे समुद्र नव्हे. पक्षी, सरडे त्यातून जा-ये करतात, z कमी येईल. आधी मोजून आण." मग मी परिच्छेद काढला आणि नान्नजला जायची बस शोधू लागलो.