साताऱ्यात नवे आहात? अजिंक्यताऱ्याची वेळ बदलू नका

नोकरीसाठी साताऱ्यात आलात आणि ओळखीचं कोणी नसेल, तर सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला जा, पण रोज एकाच वेळी. सहाला चढणारी माणसं वेगळी, सातची वेगळी. वेळ बदलत राहिलात तर रोज नवेच चेहरे दिसतील. नजरेची ओळख झाली की "आज उशीर झाला का?" एवढंही पुरतं.

खरी अडचण नंतर येते. ओळख गडावरच राहते, कारण खाली उतरलं की जो तो आपल्या गाडीकडे वळतो. तिथेच विचारा, आणि "भेटू कधीतरी" असं मोघम नको: "रविवारी उतरल्यावर मिसळ खायला येताय का?" नाही म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका, घरची कामं असतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. तेव्हाही त्यांनी दुसरा दिवस सुचवला नाही, तर नमस्कारावर ठेवा आणि दुसऱ्या कोणाला विचारा.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांचा अभ्यास केला. साध्या मैत्रीलाही सुमारे 50 तासांची सोबत लागते, असं त्यात दिसलं. रोजचा अर्धा तास धरला तर तीन महिन्यांहून जास्तच. म्हणून दर शनिवारी गावी जात असाल, तर महिन्यातला एक रविवार तरी साताऱ्यातच काढा.