पाच वावरं, पंचवीस सरासऱ्या: सेंट्रल लिमिट थिअरम हाताने करून पाहा

सँपलिंग डिस्ट्रिब्यूशनची भीती वाटणारे बहुतेक विद्यार्थी एकाच जागी अडकतात. सगळ्या शेतांचे आकडे, त्यातून उचललेल्या एका नमुन्याचे आकडे आणि अनेक नमुन्यांच्या सरासऱ्या, या तीन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकमेकींत मिसळतात. त्या सुट्या करायला सूत्र लागत नाही. कागद, पेन आणि अर्धा तास पुरतो.

समजा, चोपडा तालुक्यातल्या एका शिवारात कापसाची पाचच वावरं आहेत: १, १, २, ३ आणि ८ एकरांची. ही झाली आपली समष्टी. बेरीज १५, म्हणून सरासरी ३ एकर. प्रमाण विचलन सुमारे २.६१. आकड्यांचा कल पाहा: बहुतेक वावरं लहान, एकच मोठं. म्हणजे इथे घंटेसारखा सुबक आलेख अजिबात नाही, आणि तो नाही म्हणूनच हे उदाहरण उपयोगाचं आहे.

आता पाच चिठ्ठ्या करा. एक चिठ्ठी उचला, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका, मग दुसरी उचला. दोन आकड्यांची सरासरी काढा. हा दोनाचा एक नमुना झाला. असे एकूण ५ × ५ = २५ नमुने शक्य आहेत; सगळे वहीत मांडाच, कंटाळा करू नका. सरासरी १ चार वेळा येईल, १.५ चार वेळा, २ पाच वेळा, २.५ दोनदा, ३ एकदा, ४.५ चार वेळा, ५ दोनदा, ५.५ दोनदा आणि ८ फक्त एकदा.

हीच यादी म्हणजे सँपलिंग डिस्ट्रिब्यूशन. तिच्यात वावरं नाहीत, सरासऱ्या आहेत. या पंचवीस सरासऱ्यांची सरासरी काढली तर पुन्हा बरोबर ३ येते. पसारा मात्र आटोक्यात येतो: एकच चिठ्ठी काढली तर ८ येण्याची शक्यता पाचात एक, पण सरासरी ८ यायला दोन्ही वेळा तेच वावर निघावं लागतं, म्हणून पंचविसात एक. मोठ्या आकड्याला लहान आकडे खाली ओढतात. या पसाऱ्याचं माप म्हणजे स्टँडर्ड एरर, आणि ती २.६१ ÷ √२, म्हणजे सुमारे १.८४ भरते.

दोनाऐवजी तीस चिठ्ठ्यांचा नमुना घेतला तर? हाताने सगळी यादी करणं अशक्य, म्हणून स्प्रेडशीट उघडा. पहिलं सूत्र A1 मध्ये लिहून AD1 पर्यंत ओढा, दुसरं AF1 मध्ये लिहा, मग ही ओळ २०० ओळींपर्यंत खाली ओढा.

```
=CHOOSE(RANDBETWEEN(1,5),1,1,2,3,8)
=AVERAGE(A1:AD1)
```

AF स्तंभाचा हिस्टोग्राम काढा. मधोमध ३ च्या आसपास फुगवटा, दोन्ही बाजूंना उतार. मूळ वावरांचा आलेख इतका एकांगी असूनही सरासऱ्यांचा आलेख घंटेच्या आकाराकडे झुकला, हेच सेंट्रल लिमिट थिअरम. इथे स्टँडर्ड एरर २.६१ ÷ √३०, म्हणजे ०.४८ च्या आसपास. म्हणून सुमारे ९५ टक्के सरासऱ्या २.०५ ते ३.९५ एकरांच्या दरम्यान पडतील. तुमच्या दोनशे ओळींत मोजून पाहा. ही त्रुटी निम्मी करायची तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो, कारण भागाकार वर्गमुळाने होतो.

परीक्षेत सर्वाधिक गुण जातात ते पुढच्या चुकीत. प्रमेयातला n म्हणजे एका नमुन्यातल्या चिठ्ठ्या, इथे ३०. दोनशे हा नमुन्यांचा आकडा. तो वाढवला तर आलेख गुळगुळीत होईल, पण अरुंद होणार नाही. तसंच, तीस चिठ्ठ्या काढल्याने वावरं घंटेच्या आकारात बसत नाहीत. एका ओळीतल्या तीस आकड्यांचा हिस्टोग्राम काढा, तो मूळच्यासारखाच एकांगी दिसेल. आणि ३० ही काही पवित्र संख्या नाही. एखादं वावर ८ ऐवजी ८०० एकरांचं असतं आणि लहान वावरं हजारो असती, तर तीसही कमीच पडले असते. सरासऱ्यांच्या हिस्टोग्रामला उजवीकडे लांब शेपूट राहिलं, तर n वाढवायला हवा हे ओळखा.

प्रत्यक्ष पाहणीत याहून मोठी अडचण चिठ्ठी उचलण्यात असते. जिनिंगच्या फाटकावर उभं राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला त्याचं क्षेत्र विचारलं, तर ८ एकरवाल्याच्या खेपा जास्त, म्हणून तोच पुन्हा पुन्हा भेटेल. प्रत्येक वावराच्या खेपा एकरांच्या प्रमाणात धरल्या, तर १५ खेपांपैकी ८ त्याच्याच. आता सरासरी (१ + १ + ४ + ९ + ६४) ÷ १५, म्हणजे ५.२७ येते, खऱ्या ३ ऐवजी. एकेका नमुन्यात अशा हजार गाड्या घेतल्या तरी सरासऱ्यांची घंटा सुबक आणि अरुंदच दिसेल, फक्त ती ५.२७ वर उभी असेल.