फ्रिजची जादा वॉरंटी घेण्याआधी

दुकानदार म्हणतो, 'अडीच हजार भरा, अजून दोन वर्षं निश्चिंत.' आधी कंपनीचं वॉरंटी कार्ड उघडा. बहुतेक फ्रिजना पूर्ण वॉरंटी 1 वर्षाची आणि कॉम्प्रेसरची 10 वर्षांची असते. म्हणजे सर्वात महागडा भाग आधीच कव्हर आहे. त्यासाठी पुन्हा पैसे मोजू नका.

मात्र त्या 10 वर्षांत बहुधा फक्त कॉम्प्रेसर मिळतो. गॅस भरणं, मजुरी आणि येण्या-जाण्याचा खर्च आपल्याच माथी. म्हणून जादा वॉरंटीच्या कागदात 'गॅस चार्जिंग', 'कूलिंग कॉइल' आणि 'पीसीबी', म्हणजे फ्रिजचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, हे शब्द शोधा. समजा तिसऱ्या वर्षी कॉइल गळली. कॉइल कव्हर आहे पण गॅस वगळलेला आहे, तर दुरुस्ती झाली तरी गॅसचं बिल तुमचंच. हे तिन्ही वगळलेले असतील तर वॉरंटी घेऊच नका. इन्व्हर्टर फ्रिजला पीसीबी कव्हर होत असेल, तर विचार करण्यासारखी आहे.

वगळलेल्या गोष्टींत व्होल्टेजची चढ-उतार, उंदरांनी कुरतडलेली वायर, गंज, दाराचं रबर आणि प्लॅस्टिकचे भाग बहुतेकदा असतात. वीज सतत वरखाली होणाऱ्या गावात पीसीबी बहुधा त्याच कारणाने जळतो आणि क्लेम तिथेच अडतो. तिथे हेच पैसे स्टॅबिलायझरला लावा.

मुदत कंपनीची वॉरंटी संपल्यावर सुरू होते ना, घसारा कापतात का आणि क्लेमची कमाल रक्कम किती, हे सही करण्याआधी लेखी घ्या. सेल्समनचं तोंडी आश्वासन क्लेमच्या वेळी चालत नाही.