तोळ्याचे ग्रॅम करताना या चुका टाळा, नाहीतर कोटेशनची तुलनाच चुकते

मागच्या महिन्यात बहिणीसाठी गंठण बघायला आम्ही नाशिकच्या सराफ बाजारात गेलो होतो, दोन दुकानांत "तीन तोळ्याचं" म्हणून भाव विचारला आणि घरी येऊन बघतो तर एकाचा आकडा ३ लाख ५ हजार ९१० आणि दुसऱ्याचा ३ लाख ५० हजार ३०६. आई लगेच म्हणाली, "दुसरा महाग आहे गं, सोड त्याला." इथंच चूक होते.

कारण दोघांचा तोळा वेगळा होता. पहिल्याने तोळा १० ग्रॅमचा धरला, म्हणजे गंठण ३० ग्रॅमचं, आणि आजकाल बाजारात बोलण्यात बहुतेक हाच चालतो. दुसऱ्याने जुना तोळा धरला, तो ११.६६४ ग्रॅमचा, म्हणजे ३४.९९ ग्रॅम, जवळजवळ पाच ग्रॅम जास्त सोनं. तेव्हा २२ कॅरेटचा भाव दोन्हीकडे ग्रॅमला ९,००० होता (हिशोब कळावा म्हणून राउंड आकडा घेतलाय), पहिल्याची मजुरी १० टक्के, दुसऱ्याची ८, वर दोघांचा ३ टक्के जीएसटी. आता एकूण रकमेला ग्रॅमने भागा: पहिला ग्रॅममागे १०,१९७ पडतो आणि दुसरा १०,०१२. म्हणजे जो महाग वाटला तोच स्वस्त. तेव्हा "तोळा किती ग्रॅमचा धरलाय" हे विचारा आणि चिठ्ठीवर नेट वजन ग्रॅममध्येच लिहून घ्या. नेट यासाठी की काळे मणी, खडे, लाख यांचं वजन सोन्याच्या भावात धरलं तर भागाकार बरोबर येऊनही उत्तर चुकीचंच.

दुसरी चूक जुन्या चिठ्ठीची. आजीच्या पाटल्यांच्या चिठ्ठीवर "४ तोळे ३ मासे" असं लिहिलंय आणि भावाने ते ४.३ तोळे समजून ४३ ग्रॅम काढले. पण तोळ्याचे मासे बारा, दहा नाहीत, त्यामुळे ३ मासे म्हणजे पाव तोळा. शिवाय चिठ्ठीतला तोळा जुना, १० ग्रॅमचा नाही, म्हणून ४.२५ गुणिले ११.६६४ केलं की ४९.५७ ग्रॅम येतात, साडेसहा ग्रॅमचा फरक! मोडीत देताना हे कळलं नसतं तर मला फार वाईट वाटलं असतं, आजीने जपलेलं सोनं आहे ते.

चिठ्ठीत मासे-गुंजा दिसल्या की जुना तोळाच समजा. तरी खात्री हवी तर दागिना काट्यावर समोर ठेवायला सांगा, पाटल्या ४९.३ भरल्या, झीज म्हटली तर बरोबर जुळतंय. पण ४३ च्या आसपास भरल्या असत्या तर मात्र एवढी झीज नसते, मग काटा शून्यावर होता का ते बघून पुन्हा मोजायला लावायचं, आणि दुसऱ्या दुकानातही एकदा.