आईच्या साठीच्या भाषणात तिच्या आयुष्याचा कोणता तुकडा सांगायचा?

हॉल, जेवण, साठ दिव्यांचं औक्षण, सगळं ठरलंय असं धरतो. भाषण औक्षणानंतर आणि जेवणाआधी ठेवा. चार मिनिटं पुरतात, म्हणजे सावकाश बोललात तर साधारण चारशे शब्द.

खरी अडचण पुढे आहे. साठ वर्षं चार मिनिटांत कोंबायची म्हणून लोक जन्मगाव, शिक्षण, नोकरी, लग्न, मुलं अशी यादी वाचतात. तो लग्नाचा बायोडेटा झाला. आणि ‘मनापासून बोला’ म्हणणाऱ्यांचं ऐकलंत, तर ‘आईने खूप कष्ट केले, संस्कार दिले’ एवढंच हाती येतं. माझी कसोटी सोपी आहे. वाक्यातलं आईचं नाव काढून शेजारच्या काकूंचं घाला. तरीही वाक्य चाललं, तर खोडा.

आईने वर्षानुवर्षं केलेलं एकच काम निवडा. माहिती तिला विचारू नका, ती ‘त्यात काय सांगायचं?’ म्हणून उडवून लावेल. मावशीला गाठा, जुन्या शेजारणीला गाठा. पण ‘आई तेव्हा कशी होती?’ असं विचारलंत तर ‘फार प्रेमळ’ यापलीकडे काही मिळणार नाही. ‘तिच्या पिशवीत काय असायचं?’ असं विचारा, मग बघा.

समजा, आई 1966 ची, महिला प्रधान योजनेतली पोस्टाची आरडी एजंट. मावशी सांगते, पिशवीत रबर लावलेली पासबुकं असायची, सुट्या पैशांची वेगळी डबी, आणि नवऱ्याला कळू नये म्हणून एका बाईचं पासबुक कायम आईकडेच. झालं, भाषण मिळालं. ही पिशवी तिने का उचलली, हे सांगताना बाबांचं काम सुटल्याचा काळ एका वाक्यात येतो. कोणाकोणाचे हप्ते होते, हे सांगताना अख्खी गल्ली येते. पिशवी कधी खाली ठेवली, तिथे नातवंडं येतात. शिवाय पोस्टाची आरडी साठ महिन्यांची असते. ‘आज आईचाही साठावा हप्ता भरला’ एवढं म्हणा. लोक हसतील, तिथेच थांबा.

त्या पासबुकवाल्या बाईचं नाव मात्र घेऊ नका, ती पहिल्या रांगेत बसलेली असू शकते. कर्जाचे आकडे आणि भाऊबंदकी नकोच. बाबांचं काम सुटल्याचं वाक्य त्यांना आधी वाचून दाखवा, त्यांना खटकलं तर गाळा. नुसतं ‘घरची गरज होती’ म्हटलं तरी गोष्ट अडत नाही. आजी-आजोबा हयात नसतील तर त्यांचा उल्लेख मध्येच उरका. शेवटी घेतलात की आई रडते आणि मग तुम्हालाही बोलवत नाही.

मोठ्या अक्षरात कागदावर लिहून घ्या, मोबाइलची स्क्रीन नेमकी भर भाषणात बंद होते. आणि संपल्यावर ‘आता तू दोन शब्द बोल’ म्हणून माईक आईच्या हातात कोंबू नका. बोलायचंय का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.