फोनवरची ऑर्डर मधेच कम्प्युटरवर नेताय? या चुका टाळा

आमचं टेरी टॉवेलचं काम आहे, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. सकाळी मी लूमवर असतो, तिथं मशीनचा एवढा आवाज असतो की कॉल घेऊन उपयोग नाही, म्हणून गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरच बोलतं, आणि दुपारी ऑफिसात येऊन तेच बोलणं कम्प्युटरवर पुढं चालू होतं. नंबर एकच, चॅट एकच, त्यामुळं वाटतं की सगळं आपोआप इकडून तिकडं आलं. तसं नसतं ओ. पाठवलेलं येतं, पण अर्धवट लिहिलेलं येत नाही, कधी कधी आलेलं पण उघडत नाही, आणि डोक्यात ठरवलेलं तर कुठंच येत नाही. आमची एक ऑर्डर याच्यामुळं जवळजवळ फसली होती, ती सांगतो म्हणजे कळेल.

हुबळीचे एक व्यापारी, जुनं गिऱ्हाईक. 30 बाय 60 इंच टॉवेल, 200 डझन पाहिजे होते. सकाळी व्हॉट्सॲपवर बोलणं झालं 400 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 400 ग्रॅम वजनाच्या कापडाचं. मी लूमपाशी उभं राहून रेटचा मेसेज टाइप करायला लागलो, तेवढ्यात लूमवरचा ताण्याच्या सुताचा बीम संपला म्हणून पळालो आणि मेसेज तसाच बॉक्समध्ये राहिला. दुपारी ऑफिसातल्या मुलानं कम्प्युटरवर चॅट उघडली, बॉक्स रिकामा दिसला, त्याला वाटलं रेट द्यायचा राहिलाय, त्यानं शीट बघून रेट पाठवला. संध्याकाळी मी फोन उघडला तर माझा अर्धा मेसेज तिथंच होता, मी तो पुरा करून पाठवला. दोन रेट गेले! डझनाला 40 रुपयांचा फरक, कारण माझ्या मेसेजमध्ये पॅकिंग धरलेलं होतं आणि त्याच्या नव्हतं. शेठनी साहजिकच कमीचा धरला.

पहिली चूक: अर्धा मेसेज बॉक्समध्ये सोडून उठणं

व्हॉट्सॲपचा ड्राफ्ट ज्या मशीनवर लिहिला त्याच मशीनवर राहतो. फोनवर टाइप केलेलं कम्प्युटरच्या बॉक्समध्ये दिसत नाही आणि उलटंही नाही. म्हणजे फोनच्या चॅट लिस्टमध्ये नावाखाली ड्राफ्ट असं दिसत असेल तरी कम्प्युटरवर बसलेल्याला त्याचा पत्ता नसतो. उपाय साधा आहे, उठायच्या आधी ते लिहिलेलं कट करायचं आणि स्वतःच्याच नंबरच्या चॅटमध्ये पाठवून द्यायचं. स्वतःला मेसेज पाठवता येतो हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही, नवीन चॅट उघडलं की कॉन्टॅक्टच्या यादीत आपलंच नाव दिसतं. तिथं पाठवलेलं सगळ्या जोडलेल्या मशीनवर दिसतं. कॉपी नका करू, कटच करा, नाहीतर जुना ड्राफ्ट फोनवर तसाच राहतो आणि संध्याकाळी आपणच तो पाठवून बसतो, माझं तेच झालं.

दुसरी चूक, आणि ही जास्त महाग: न उघडलेला मेसेज सोडून पुढं जाणं

रेटचा घोळ तसा मिटला, शेठ समजूतदार आहेत. पण त्याच दुपारी अजून एक गोष्ट झाली होती. आम्ही आदल्या दिवशीच कम्प्युटर बदलला होता आणि नवीन मशीनवर व्हॉट्सॲप जोडलं होतं. शेठनी दीडच्या सुमारास मेसेज टाकला की 400 नको, 450 करा. तो माझ्या फोनवर नीट आला, पण मी लूमवर होतो, बघितला नाही. कम्प्युटरवर त्याच मेसेजच्या जागी नुसतं हे आलं:

```
Waiting for this message. This may take a while.
```

मुलाला वाटलं नेट स्लो आहे, येईल नंतर. तो पुढच्या मेसेजला उत्तर देत बसला आणि जॉब कार्ड 400 चं निघालं.

हे नेट स्लो असल्यामुळं होत नाही, ते समजून घ्या. व्हॉट्सॲपचा मेसेज कुलूपबंद असतो, आणि आपला फोन आणि आपला कम्प्युटर याची कुलपं वेगवेगळी असतात. 2021 पासून ही पद्धत आली, त्याच्या आधी कम्प्युटर फोनमधूनच सगळं ओढायचा म्हणून फोनचं नेट चालू ठेवावं लागायचं. आता समोरच्याचा फोन एकाच मेसेजच्या वेगळ्या वेगळ्या प्रती करतो, एक आपल्या फोनसाठी, एक कम्प्युटरसाठी, आणि प्रत्येकीला वेगळं कुलूप लावून पाठवतो. नवीन मशीन जोडलं असेल किंवा समोरच्यानं व्हॉट्सॲप परत टाकलं असेल तर एखाद्या प्रतीची किल्ली जुळत नाही. मग आपला कम्प्युटर समोरच्याच्या फोनकडं नवीन प्रत मागतो, आणि ती कधी येणार तर समोरच्याचा फोन ऑनलाइन आल्यावर. आपण इथं राउटर बंद-चालू करून काही फरक पडत नाही.

म्हणून ती ओळ दिसली की थांबायचं, पहिल्यांदा आपला फोन उघडून तोच मेसेज तिथं वाचता येतोय का ते बघायचं. बऱ्याच वेळा येतो, कारण फोनची प्रत ठीक असते. फोनवर पण नसेल तर समोरच्याला सरळ लिहायचं, शेठ तुमचा 1:30 चा मेसेज उघडत नाही, परत पाठवा. आणि मधला एक मेसेज वाचलेला नसताना त्याच्या पुढच्याला उत्तर द्यायचं नाही, काही झालं तरी.

आमचं किती गेलं असतं तो हिशोब सांगतो. 30 बाय 60 इंच म्हणजे साधारण 1.16 चौरस मीटर. 400 जीएसएमला एक टॉवेल 464 ग्रॅमचा, 450 ला 522 च्या आसपास. एका टॉवेलमागं 58 ग्रॅम, आणि 200 डझन म्हणजे 2400 नग, म्हणजे जवळपास 139 किलोचा फरक. माल तयार होऊन हुबळीत गेला असता तर शेठनी वजन करून परतच पाठवला असता. बीम चढायच्या आधी मी संध्याकाळी फोनवर तो मेसेज वाचला म्हणून वाचलो.

एंटरचं बटण

फोनवर एंटर दाबलं की खालची ओळ येते. कम्प्युटरवर एंटर दाबलं की मेसेज जातो. दिवसभर फोनवर लिहिणाऱ्या माणसाचं बोट सवयीनं चालतं, आणि गिऱ्हाइकाकडं आधी नुसतं नमस्कार जातं, मग साइज जाते, मग रेट, आणि "जीएसटी वेगळा" ही ओळ लिहायच्या आधीच तिकडून ओके येतं. कम्प्युटरवर खालच्या ओळीवर जायला Shift दाबून धरून Enter मारायचं. ते लक्षात राहत नसेल तर सेटिंगमध्ये चॅट्समध्ये Enter is send म्हणून आहे ते बंद करून टाका. मी तर रेटचा मेसेज नोटपॅडमध्ये पुरा लिहितो आणि मग पेस्ट करतो, ओळी जशाच्या तशा येतात. चुकीचं गेलंच तर 15 मिनिटांच्या आत एडिट करता येतं, पण समोरच्यानं वाचून पुढं सांगितलं असेल तर एडिटचा काय उपयोग, तिथं नवीन मेसेज टाकून दुरुस्ती सांगितलेली बरी.

मराठीत लिहिणाऱ्यांनी अजून एक बघावं. कम्प्युटरवर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये लिहिलेली कोटेशनं असतात, ती कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये टाकली की नुसती चित्रविचित्र अक्षरं जातात, कारण तो युनिकोड नसतो. विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड टाकून घ्या, Windows आणि Space दाबून भाषा बदलते, फोनवर लिहितो तसंच इंग्रजी अक्षरांनी मराठी उमटतं.

निळ्या टिकवर विसंबणं

फोनवर चॅट उघडली की समोरच्याला निळी टिक दिसली आणि कम्प्युटरवरचा न वाचलेला आकडा पण गेला. ऑफिसातल्या माणसाला ती चॅट झालेली दिसते, गिऱ्हाइकाला वाटतं वाचलंय, आता काम होईल, आणि ज्यानं वाचलं तो लूमच्या आवाजात विसरून गेला. मी आता काय करतो, लूमवर वाचलं आणि उत्तर द्यायला जमलं नाही तर चॅट दाबून धरून ती परत अनरीड करून ठेवतो. ती खूण कम्प्युटरवर पण दिसते. निळी टिक काही त्यानं परत जात नाही, ती आपल्या आठवणीपुरती खूण आहे.

व्हॉइस नोटचं तर अजून वाईट. आमच्या अकाउंटच्या कम्प्युटरला स्पीकरच नाही, मुलगा प्ले दाबतो, आवाज येत नाही म्हणून सोडून देतो, पण तिकडं माइकची खूण निळी झाली म्हणजे ऐकलं. स्पीकर नसेल तर व्हॉइस नोटला हातच लावू नका. एकदाच बघता येणारे फोटो पण कम्प्युटरवर उघडत नाहीत, ते फोनवरच बघायचे.

आणि जुनं बोलणं शोधताना जपून. नवीन मशीन जोडलं की सगळी हिस्टरी येत नाही, अलीकडची येते. कम्प्युटरवर शोधून सापडलं नाही म्हणून गिऱ्हाइकाला "असं ठरलंच नव्हतं" असं कधी लिहू नका, आधी फोनमध्ये शोधा.

मग नेमकं करायचं काय

हुबळीच्या त्या ऑर्डरनंतर आम्ही एकच सवय लावली. फोनवरचं बोलणं कम्प्युटरवर घेतलं की पहिला मेसेज ठरलेल्या गोष्टींचा, आणि तो पण गिऱ्हाइकालाच. त्या दिवशी संध्याकाळी मी शेठना लिहिलेला असा होता:

"शेठ नमस्कार, आता ऑफिसमधून लिहितोय. आज तुमच्याकडं दोन रेट गेले ती आमची चूक. ठरलेलं असं: 30x60, 450 जीएसएम, 200 डझन, शेड नंबर आमच्या कार्डावरचा 14, पॅकिंग धरून. 450 चा नवीन रेट अर्ध्या तासात पाठवतो, आधीचे दोन्ही रेट धरू नका. यात काही वेगळं असेल तर आत्ताच सांगा."

शेड नंबर मुद्दाम लिहिला. सकाळी त्यांनी फोटो बघून रंग पसंत केला होता, पण तोच फोटो माझ्या फोनवर गडद मरून दिसत होता आणि ऑफिसच्या जुन्या मॉनिटरवर विटकरी. फोटोवरून रंग ठरवला की मशीन बदललं की रंग बदलतो, कार्डावरचा नंबर बदलत नाही.

शेठचं उत्तर पाच मिनिटांत आलं, की बाकी बरोबर, फक्त 14 नाही, 41. सकाळी फोनवर मीच उलटा वाचला होता.

जाता जाता, ऑफिसचा कम्प्युटर दुसऱ्याला देणार असाल किंवा मुलगा काम सोडून गेला असेल तर फोनमध्ये Linked devices उघडून ते मशीन लॉगआउट करा. आणि उलट अडचण, फोन 14 दिवसांपेक्षा जास्त वापरलाच नाही तर जोडलेली सगळी मशीनं आपोआप बाहेर पडतात, म्हणून नंबरचा फोन ड्रॉवरमध्ये टाकून फक्त कम्प्युटरवर काम करत असाल तर आठवड्यातून एकदा तो चार्ज करून व्हॉट्सॲप उघडत जा.