चित्रकला स्पर्धेचा निकाल सांगताय? परीक्षकांनो, या चुका टाळा

सांगलीत एका शाळेच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून मी एकदा आधी नंबर जाहीर केले आणि मग ‘आम्ही काय पाहिलं’ ते सांगायला घेतलं. पहिल्या क्रमांकाचं नाव पुकारताच मंडपातली अर्धी माणसं उठली. उरलेल्या अर्ध्यांत ज्यांच्या मुलांना काही मिळालं नव्हतं ते पालक होते, आणि त्यांना माझं प्रत्येक वाक्य सारवासारव वाटत होतं. निकष आधी आणि नावं नंतर, हे मी त्या दिवशी शिकलो. नावं कळायची असतात तोवर सगळे कान देऊन ऐकतात. निकषांना तीन-चार मिनिटं पुरतात. मग उत्तेजनार्थपासून सुरुवात करून तिसरा, दुसरा आणि शेवटी पहिला.

आता निकष सांगायचे म्हणजे काय? ‘कल्पकता, रेखाटन, रंगसंगती आणि स्वच्छता यांचा विचार केला’ या वाक्यातून कोणाला काहीच कळत नाही. कशाला किती गुण होते ते सांगा. आमच्यातले बरेचसे ड्रॉइंग टीचर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या सवयीने बोलतात आणि तिथेच घोळ होतो. त्या परीक्षांत श्रेणी मिळते. चांगली कामं वीस असली तर वीसही जणांना ‘अ’ मिळू शकते. स्पर्धेत मात्र पहिला एकच. म्हणून ‘चित्र छान आहे’ एवढं सांगून भागत नाही, ते शेजारच्या चित्रापेक्षा कुठे पुढे गेलं ते सांगावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. पाचवी ते सातवीचा गट, विषय ‘आमच्या गावचा पूर’. शंभरपैकी विषयाच्या मांडणीला ४०, रेखाटनाला ३०, रंगकामाला २० आणि स्वच्छतेला १० गुण. दोन चित्रं शेवटपर्यंत राहिली.

एकात पोस्टर कलर सफाईने लावलेले, ढगांच्या छटा सुरेख, घरं सरळ रेषेत. पण पाणी कागदाच्या तळाशी एका पट्टीत. पूर वाटतच नाही, कॅलेंडरवरची नदी वाटते. त्याला मांडणीत २७, रेखाटनात २६, रंगात १८, स्वच्छतेत ९.

दुसऱ्यात रंग एकमेकांत फुटलेले, एका कोपऱ्यात बोटाचा डाग. पण पाण्याने कागदाचा दोनतृतीयांश भाग खाल्लेला, आयर्विन पुलाच्या कमानी जेमतेम दिसतात आणि पुलाच्या खांबावर पाणी मोजायच्या पट्टीवर ४५ चा आकडा पाण्याखाली गेलेला. सांगलीत धोक्याची पातळी ४५ फूट, हे त्या पोरानं कागदावर आणलं होतं! त्याला ३६, २३, १४ आणि ७.

बेरीज दोन्हींची ८०.

अशा वेळी ‘अगदी थोडक्यात हुकलं’ म्हणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. थोडक्यात म्हणजे किती, हा प्रश्न लगेच येतो आणि उत्तर ‘शून्य गुणांनी’ असं निघतं. बरोबरी झाली तर कोणता रकाना पाहायचा हे चित्रं हातात घेण्याआधी ठरवा, सहपरीक्षकाची सही घ्या आणि भाषणात उघड सांगा: ‘मुलांनो, दोन चित्रांना सारखेच गुण पडले. समान गुण झाले तर विषयाच्या मांडणीचे गुण बघायचे, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. तिथे एकाला ३६ आहेत, दुसऱ्याला २७.’ एवढं पुरतं. नियम नंतर आठवला तर तो कोणाच्या तरी सोयीचा दिसतोच.

सांगताना विजेतं चित्र हातात धरून हलवू नका. क्वार्टर इंपिरियल कागद चौथ्या-पाचव्या रांगेपलीकडे दिसत नाही. तो फळ्याला लावा, आणि ‘पाणी कुठपर्यंत आलंय बघा’ असं बोट ठेवून दाखवा. हरलेल्या चित्राचं मात्र फक्त जमलेलं सांगा, तेही नाव न घेता. ‘एका चित्रातले ढग पाहून मी दोन मिनिटं थांबलो’ म्हटलं की ज्याचं त्याला कळतं. चुकलेलं सांगायचंच असेल तर ते अनेकांत दिसलेलं असावं. आमच्याकडे बहुतेक मुलांनी पाणी निळंशार रंगवलं होतं, कृष्णेचा पूर मातकट असतो.

‘हे मुलाच्या हातचं वाटत नाही’ हे वाक्य माईकवर कधीच नको. शंका असेल तर निकालाआधी मुलाला बाजूला बोलवा, कोरा कागद द्या आणि त्यातलीच एक वस्तू पुन्हा काढायला सांगा. पाच मिनिटांत उलगडा होतो.

गुणपत्रक खिशात ठेवा. भाषण संपल्यावर कोणीतरी मोबाईलवर चित्राचा फोटो दाखवत येणारच, ‘सर, आमच्या बाळाला का नाही?’ त्याच मुलाची ओळ दाखवा, बाकीचा कागद दुमडून धरा.